क्विकसॉर्टच का?

कॅम्पस इंटरव्ह्यूचा सीझन आला की हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एक तक्ता फिरायला लागतो. डावीकडे सॉर्टिंग अल्गोरिदमची नावं, उजवीकडे तीन रकाने: बेस्ट, ॲव्हरेज, वर्स्ट. क्विकसॉर्टपुढे n log n, n log n, n². मर्जसॉर्टपुढे तिन्हीकडे n log n. सीनियर ज्युनियरला देतो, ज्युनियर झेरॉक्स काढतो, आणि सगळे तो पाढ्यासारखा घोकतात.

मग इंटरव्ह्यूत प्रश्न येतो, "तुम्ही कुठला सॉर्ट वापराल?" आपण छाती काढून म्हणतो, "क्विकसॉर्ट, सर." समोरचा शांतपणे विचारतो, "का?" "कारण तो सर्वात फास्ट आहे." "पण तुमच्याच तक्त्यात त्याचा वर्स्ट केस n² आहे ना? मर्जसॉर्टचा तर n log n आहे. मग फास्ट कसा?" इथे तक्ता संपतो आणि आपली गाडी पंक्चर होते!

माझं मत असं आहे की चूक क्विकसॉर्ट निवडण्यात नाही. चूक आहे ती डेटा न बघता निवडण्यात. त्या "का?"चं उत्तर अल्गोरिदममध्ये नसतंच, ते समोर आलेल्या यादीत असतं. आणि त्याही पुढे जाऊन मी म्हणेन की यादीबद्दल काहीच माहिती नसेल, आणि यादी माणसांची किंवा फॉर्मची असेल, तर पहिलं नाव मर्जसॉर्टचं घ्यावं. क्विकसॉर्टने आपली जागा कमवायला हवी. हे उलटं वाटेल, म्हणून आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचंच उदाहरण घेऊ: हॉस्टेलच्या खोल्यांचं वाटप.

समजा नियम असा आहे. आधी सेकंड इयर, मग थर्ड इयर, मग फायनल इयर. (फर्स्ट इयरचं हॉस्टेल वेगळं आहे.) आणि एकाच वर्षातल्या मुलांमध्ये ज्याने फॉर्म आधी भरला, त्याला खोली आधी. ऑफिसमध्ये फॉर्म ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने यादीत आहेत. तुम्हाला एवढंच सांगितलंय की यादी वर्षाप्रमाणे सॉर्ट करून द्या. सोपं काम, क्विकसॉर्ट लावला आणि मोकळे! आता बघू काय होतं ते.

क्विकसॉर्टचा गाभा म्हणजे पार्टिशन. आपल्या जर्नलमध्ये बहुतेकांनी लिहिलेलं असतं ते हे, शेवटचा घटक पिव्हट धरणारं:

```
int partition(int a[], int lo, int hi) {
    int p = a[hi], i = lo - 1;
    for (int j = lo; j < hi; j++)
        if (a[j] <= p) swap(&a[++i], &a[j]);
    swap(&a[i + 1], &a[hi]);
    return i + 1;
}
```

पिव्हटपेक्षा लहान किंवा त्याच्याइतके घटक डावीकडे सरकवायचे, शेवटी पिव्हट मधे आणून ठेवायचा, आणि दोन्ही बाजूंना परत तेच करायचं. आपल्या यादीत आकड्यांऐवजी फॉर्म आहेत आणि तुलना वर्षाची आहे, एवढाच फरक.

तीनच फॉर्म घ्या. फॉर्म 1 थर्ड इयरचा, फॉर्म 2 थर्ड इयरचाच, फॉर्म 3 सेकंड इयरचा. पिव्हट म्हणजे शेवटचा, फॉर्म 3. फॉर्म 1चं वर्ष पिव्हटपेक्षा मोठं, तो हलत नाही. फॉर्म 2चंही तसंच. लूप संपला, आता शेवटची ओळ: पिव्हटची पहिल्या जागेशी अदलाबदल. फॉर्म 3 पहिल्या जागी गेला, आणि पहिल्या जागेवरचा फॉर्म 1 थेट शेवटी जाऊन पडला. यादी झाली 3, 2, 1. उजव्या तुकड्यात 2 आणि 1 आहेत, दोघांचं वर्ष सारखंच, त्यामुळे पुढे काही बदलत नाही.

यादी वर्षाप्रमाणे अगदी बरोबर लागली आहे. कुठलाही टेस्ट प्रोग्राम म्हणेल, सॉर्टेड! पण फॉर्म 1 वाला मुलगा, जो सकाळपासून खिडकीपुढे पहिला उभा होता, तो फॉर्म 2च्या मागे गेला. थर्ड इयरसाठी एकच खोली उरली असेल तर ती त्याची गेली. रेक्टर म्हणतील कॉम्प्युटरने लावलंय, आणि कॉम्प्युटरने खरंच तसंच लावलंय.

यालाच म्हणतात स्टेबिलिटी नसणं. सारख्या किमतीचे घटक मूळ यादीत ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने राहिले तर सॉर्ट स्टेबल. क्विकसॉर्ट लांबच्या जागांमध्ये अदलाबदल करतो, आणि मधे कोण उभं आहे याचा विचार करत नाही. म्हणून तो स्टेबल नाही.

आता तेच तीन फॉर्म मर्जसॉर्टला द्या. तुकडे पडले: एकीकडे 1 आणि 2, दुसरीकडे 3. मर्ज करताना फॉर्म 1 आणि फॉर्म 3ची तुलना झाली, 3 लहान म्हणून तो पहिला. उजवीकडचा तुकडा संपला, म्हणून डावीकडचे होते तसे खाली आले: 3, 1, 2. रांगेचा मान राहिला. मर्जसॉर्टमध्ये कोणी कोणाच्या डोक्यावरून उडी मारत नाही. डावा तुकडा म्हणजे आधी आलेले, उजवा म्हणजे नंतर आलेले, आणि बरोबरी झाली तर डाव्याला आधी घ्यायचं.

पण हे "बरोबरी झाली तर डावा" कोडमध्ये एका चिन्हावर टांगलेलं आहे:

```
if (L[i] <= R[j])
    a[k++] = L[i++];
else
    a[k++] = R[j++];
```

इथे `<=` च्या जागी `<` लिहिलं तर यादी तरीही सॉर्ट होते, पण बरोबरीत उजवा पुढे जातो आणि स्टेबिलिटी गेली. त्यामुळे "मर्जसॉर्ट स्टेबल असतो" हे वाक्य अर्धंच खरं आहे. तो स्टेबल लिहिता येतो, हे पूर्ण वाक्य. इंटरव्ह्यूत कागदावर कोड लिहायला लावून नेमकं ह्याच चिन्हावर बोट ठेवण्याची शक्यता मोठी. आणि आपण लिहिलेला सॉर्ट स्टेबल आहे की नाही हे ओळखायचं कसं? नुसते आकडे देऊन कधीच कळणार नाही, कारण दोन 3 मध्ये फरकच दिसत नाही. प्रत्येक नोंदीला मूळ क्रमांक चिकटवा, आणि सॉर्ट झाल्यावर सारख्या वर्षांमध्ये ते क्रमांक चढते आहेत का ते तपासा.

आणि टेस्ट मोठ्या यादीवर करा. याला एक मजेशीर कारण आहे. क्रोम ब्राउझरमधलं व्ही-8 हे जावास्क्रिप्टचं इंजिन 2018 पर्यंत दहा किंवा त्याहून कमी घटकांसाठी इन्सर्शन सॉर्ट वापरायचं, आणि त्याहून मोठ्या यादीसाठी क्विकसॉर्ट. इन्सर्शन सॉर्ट स्टेबल, क्विकसॉर्ट नाही. म्हणजे दहा नावांची यादी देऊन टेस्ट केली तर सगळं छान, आणि खरी यादी आली की क्रम विस्कटला! पुढे 2018 मध्ये त्यांनी मर्जसॉर्टच्या जातीचा टिमसॉर्ट घेतला, आणि 2019 पासून जावास्क्रिप्टच्या नियमातच आलं की सॉर्ट स्टेबल हवा.

इथे हुशार मुलगा हात वर करेल. म्हणेल, तुलना फक्त वर्षाची कशाला करायची? आधी वर्ष बघा, ते सारखं असेल तर फॉर्म नंबर बघा. मग दोन नोंदी कधी सारख्या नसतीलच, आणि क्विकसॉर्ट लावला तरी क्रम बरोबर येईल. अगदी मान्य! हे चांगलं उत्तर आहे, आणि इंटरव्ह्यूत द्यावंच. फक्त त्यात एक अट लपलेली आहे: फॉर्म नंबर नोंदीत असला पाहिजे. तो नसेल, क्रम फक्त यादीतल्या जागेतूनच कळत असेल, तर सॉर्टच्या आधी स्वतः नंबर घालावे लागतात. म्हणजे थोडी मेमरी लागलीच.

आता वर्स्ट केसकडे वळू. तक्त्यातल्या n² चा अर्थ आपण "क्वचित घडणारी वाईट गोष्ट" असा लावतो. बघू किती क्वचित ते.

वरच्या पार्टिशनला आधीच सॉर्ट झालेली यादी द्या. शेवटचा घटक सर्वात मोठा, म्हणून सगळे डावीकडे, उजवीकडे शून्य. पुढच्या वेळी परत तेच. सात घटकांसाठी 6+5+4+3+2+1 म्हणजे 21 तुलना. पिव्हट दरवेळी बरोब्बर मधला आला असता तर 10 मध्ये काम झालं असतं. सातला फरक दुपटीचाच आहे, पण 10,000 घटकांना? n(n-1)/2 म्हणजे 4,99,95,000, जवळजवळ पाच कोटी तुलना. मर्जसॉर्टला 10,000 घटकांसाठी, यादी कशीही असो, 1 लाख 24 हजारांपेक्षा जास्त तुलना लागत नाहीत.

इथे एक गंमत सांगतो, जी तक्त्यात नसते. यादी छान विस्कटलेली असेल तरी क्विकसॉर्टला 10,000 साठी सरासरी दीड लाखांहून थोड्या जास्त तुलना लागतात. म्हणजे मर्जसॉर्टपेक्षा जास्तच! तरी ॲरेवर तो बहुधा आधी संपतो, कारण तो जागच्या जागी काम करतो, ॲरेमधून सरळ पुढे वाचत जातो म्हणून कॅशचा फायदा मिळतो, आणि दुसऱ्या ॲरेत सगळं उतरवून परत आणण्याचा खर्च नाही. तेव्हा "फास्ट" म्हणताना हे कारण सांगा. "n log n म्हणून फास्ट" हे कारणच नाही, कारण n log n दोघांचंही आहे.

मग सॉर्ट झालेली यादी क्वचित येते का? दहा हजार घटकांच्या सगळ्या शक्य क्रमांमध्ये ती एकच आहे, हे खरं. पण ऑफिसातली यादी चिठ्ठ्या उडवून तयार होत नाही. ती रोल नंबरप्रमाणे येते, तारखेप्रमाणे येते, किंवा मागच्या वर्षीच्या सॉर्ट केलेल्या फाइलला खाली पन्नास नवी नावं जोडून येते. माणसांच्या जगात जवळजवळ सॉर्ट झालेली यादी हीच नेहमीची यादी आहे.

यावर पाठ केलेलं उत्तर तयार असतं: "सर, रँडम पिव्हट घेऊ." चांगलं आहे. सॉर्टेड यादीचा धोका त्याने खरंच जातो. पण आपल्या खोल्यांच्या यादीवर लावून बघा. तिथे वर्षाच्या रकान्यात किमती किती? तीनच! सेकंड, थर्ड, फायनल. समजा विद्यापीठाच्या सगळ्या हॉस्टेलची मिळून 30,000 फॉर्मची यादी आहे, प्रत्येक वर्षाचे 10,000. काही पायऱ्यांनंतर तुकड्यात फक्त थर्ड इयरचे 10,000 उरतात. आता पिव्हट कितीही रँडम निवडा, सगळे सारखेच. `a[j] <= p` प्रत्येकासाठी खरं, सगळे डावीकडे, आणि दर फेरीत एकच घटक कमी. प्रत्येक वर्षामागे पाच कोटी, तिघांचे मिळून 15 कोटी तुलना. मर्जसॉर्टला याच यादीला सव्वाचार लाखही लागत नाहीत.

म्हणजे बघा, रँडम पिव्हटने फासा आपण टाकला, पण फाशाच्या सगळ्या बाजूंना एकच आकडा! इथे इलाज वेगळा आहे. पार्टिशनचे दोनऐवजी तीन भाग करायचे: पिव्हटपेक्षा लहान, पिव्हटइतके, पिव्हटपेक्षा मोठे. मधल्या भागाला परत हातच लावायचा नाही. तीन किमतींची यादी मग दोन-तीन फेऱ्यांतच संपते. हा थ्री-वे क्विकसॉर्ट आपल्या यादीवर वेगात मर्जसॉर्टलाही हरवेल. पण तोही स्टेबल नाही, हे विसरू नका. सारख्यांच्या गठ्ठ्यात रांग मोडलेलीच असते. आणि फॉर्म नंबर दुसरी किल्ली म्हणून घातला तर सारखे कोणीच उरत नाहीत, त्यामुळे थ्री-वेचा फायदाही जातो. मग रँडम पिव्हटचा साधा क्विकसॉर्ट पुरतो. एक दोरी ओढली की दुसरी सैल होते, ती अशी.

वर्स्ट केसचं दुसरं रूप म्हणजे वेळ लागण्याआधीच प्रोग्राम कोसळणं. दर फेरीत एकच घटक कमी होत असेल तर रिकर्शन n इतकं खोल जातं. दहा लाख घटक आणि प्रत्येक कॉलला स्टॅकवर समजा 48 बाइट, म्हणजे जवळजवळ 48 एमबी. लिनक्सवर स्टॅक साधारणपणे 8 एमबी असतो. स्क्रीनवर segmentation fault दिसतो आणि आपण पॉइंटरमधली चूक शोधत बसतो, चूक मात्र पिव्हटमध्ये असते. ओळखायची खूण सोपी आहे: विस्कटलेल्या यादीवर चालतो, सॉर्टेड यादीवर मरतो. इलाज: लहान तुकड्यावर आधी रिकर्शन करा आणि मोठा तुकडा लूपने घ्या, म्हणजे खोली log n च्या वर जात नाही. मात्र यामुळे फक्त स्टॅक वाचतो. तुलना n² च राहतात.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडतो. आपल्या एका हॉस्टेलची यादी 900 जणांची असेल तर वर्स्ट केस म्हणजे जेमतेम चार लाख तुलना. मशीनला कळणारसुद्धा नाही! तिथे वर्स्ट केसवर पाच मिनिटं भाषण देणारा उमेदवार पुस्तकी वाटेल. तिथे एकच गोष्ट महत्त्वाची, रांग पाळली जाते की नाही. 30,000 ला दोन्ही महत्त्वाच्या. म्हणून पहिला प्रश्न आपणच विचारायला हवा: यादी केवढी आहे, सर?

आणि एक जागा अशी आहे की तिथे मर्जसॉर्टचा हट्ट धरणं चूक ठरेल. प्रोजेक्टसाठी आपण आर्डुइनो उनो वापरतो. त्यात रॅम 2 केबी, म्हणजे 2048 बाइट. त्यात तापमानाची 600 रीडिंग ठेवली, प्रत्येकी 2 बाइट, तर 1200 बाइट गेले. मर्जसॉर्टला तेवढाच दुसरा ॲरे हवा, म्हणजे 2400. मावतच नाही! स्टेबिलिटीची तर इथे गरजच नाही, कारण 31 डिग्री आणि 31 डिग्री यांत आधीचा कोण याने काय फरक पडतो? इथे जागच्या जागी चालणारा क्विकसॉर्ट योग्य. पण तापमान हळूहळू चढतं आणि तेच तेच आकडे परत येतात, म्हणजे यादी जवळजवळ सॉर्टेडही आणि सारख्यांनी भरलेलीही. म्हणून पिव्हट मधला, पार्टिशन तीन भागांचं, आणि रिकर्शन लहान तुकड्यावर. वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी इथे एकदम लागतात. एवढंही करायचं नसेल तर हीपसॉर्ट घ्या. त्याला जादा ॲरे लागत नाही आणि वर्स्ट केसही n log n.

आपण ज्या लायब्ररी डोळे मिटून वापरतो, त्या लिहिणाऱ्यांनी काय केलं ते बघा. जावामध्ये `Arrays.sort` ला `int` चा ॲरे दिला तर आत क्विकसॉर्टचा प्रकार चालतो. ऑब्जेक्टचा ॲरे दिला तर स्टेबल, मर्जसॉर्टच्या कुळातला. एकच नाव, आत दोन अल्गोरिदम! कारण दोन 7 एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत, त्यांचा क्रम बदलला तर कोणालाच कळणार नाही. पण दोन विद्यार्थी सारख्या पॉइंटरचे असले तरी दोन वेगळी माणसं आहेत. आपल्या "का?"चं उत्तर त्या एका निर्णयात आहे. सी++ मध्ये हाच निर्णय आपल्यावर सोपवलाय: `std::sort` आणि `std::stable_sort` अशी दोन नावं. त्यातला `std::sort` बहुधा इंट्रोसॉर्ट असतो, जो डेव्हिड मसर यांनी 1997 साली मांडला. क्विकसॉर्टने सुरुवात करायची, रिकर्शन फार खोल चाललंय असं दिसलं की हीपसॉर्टकडे वळायचं. n² चा धोका गेला, स्टेबिलिटी मात्र नाहीच.

आणि सीमधला `qsort`? नावावर जाऊ नका. सीच्या स्टँडर्डमध्ये तो स्टेबल असण्याची हमी नाही, आणि वेगाचीही नाही. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या glibc लायब्ररीत `qsort` च्या आत कित्येक वर्षं मुख्यतः मर्जसॉर्टच होता. 2023 मध्ये त्यांनी तो काढून टाकला. तेव्हा लक्षात आलं की बरेच प्रोग्राम, हमी नसतानाही, स्टेबल क्रमावर विसंबून बसले होते. शेवटी नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी मर्जसॉर्ट परत आणावा लागला. हमी कागदावर नसली तरी लोकांना सवय लागली होती. कोणी कधी "का?" विचारलंच नव्हतं!

तर माझ्या मते इंटरव्ह्यूतलं उत्तर असं असावं. "सर, माणसांच्या नोंदी असतील आणि बाकी काही माहीत नसेल तर मी मर्जसॉर्ट घेईन. बरोबरीत मूळ क्रम राहतो, आणि यादी कशीही आली तरी वेळ n log n च्या आत. त्याची किंमत n जागांची जादा मेमरी, ती मला आधीच माहीत आहे. नुसते आकडे असतील, मेमरी कमी असेल, किंवा प्रत्येक नोंद वेगळी करणारी किल्ली असेल, तर क्विकसॉर्ट. पण सारख्या किमती बऱ्याच असतील तर तीन भागांचं पार्टिशन." समोरचा म्हणेल, "30,000 नोंदींना जादा मेमरी परवडेल?" तर कागदावर करून दाखवा. नोंद 200 बाइटची असली तरी जादा 60 लाख बाइट, म्हणजे 6 एमबी. आणि नोंदी न हलवता त्यांचे 8 बाइटचे पॉइंटरच सॉर्ट केले तर मर्जच्या ॲरेला फक्त 2,40,000 बाइट, आणि पॉइंटरच्या ॲरेला तेवढेच. लिंक्ड लिस्ट असेल तर नुसत्या लिंक बदलायच्या, दुसरा ॲरे लागतच नाही.

दोघांची किंमत मोजावीच लागते. फरक एवढाच की मर्जसॉर्ट आपली किंमत दारातच सांगतो, आणि क्विकसॉर्टची किंमत आपण अजून न पाहिलेल्या यादीवर ठरते. डेटा पाहिला असेल तर क्विकसॉर्टचा सौदा उत्तम आहे. न पाहता केलेला सौदा म्हणजे जुगार, आणि खोली दुसऱ्याची जाते.

सरांना आणि मॅडमना एक विनंती. ओरलला "क्विकसॉर्टचा वर्स्ट केस किती?" हा प्रश्न विचारला की आम्ही तक्ता म्हणून दाखवतो आणि सुटतो. त्याऐवजी एक यादी द्या, त्यात दोन सारखे आकडे ठेवा, आणि विचारा, "आता कुठला? आणि का?" झेरॉक्स केलेला तो तक्ता त्या दिवसापासून कॉरिडॉरमध्ये फिरायचा बंद होईल.